उशिरा सोडलेली कॉफी

लखनौला जायच्या आधी मी कॉफी दोनदाच प्यायले होते, आणि दोन्ही वेळा आजारपणात. आमच्या गावाकडे, कराडजवळ, कॉफी म्हणजे अशक्त माणसाला जायफळ घालून द्यायची वस्तू. रोजचा तो चहा. लखनौच्या छावणीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मिलिटरी हॉस्पिटलच्या एक मल्याळी सिस्टर राहायच्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, एकट्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. त्यांनी मला कॉफीची गोडी लावली. कपात कॅन्टीनमधली कॉफी, साखर आणि दोन थेंब पाणी घालून चमच्याने फेटत बसायचं. रंग फिका होऊन फेस आला की वरून कढत दूध. फेटायला वेळ लागायचा, तेवढ्यात बोलणं व्हायचं. बोलायच्या त्या. मी ऐकायचे.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासूनच. हे, म्हणजे माझे यजमान, सैन्यात हवालदार होते, क्लार्कच्या कामावर. घरी आले की म्हणायचे, "आज किती शब्द झाले तुझे? पाच की सहा?" मुलगी आमची तिथेच वाढलेली. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर हिंदीत. "पापा, मम्मी का मुँह सिर्फ़ खाने के लिए खुलता है," म्हणायची. आम्ही तिघंही हसायचो.

माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि मुलींना तिकडे पाठवत नव्हते. त्याचं मला फार वाईट वाटायचं असं नाही. वाटायला लागलं ते छावणीतल्या वेलफेअर सेंटरमुळे. तिथे लहान मुलांची बालवाडी होती, आणि मुलीला पोचवायला म्हणून जाता जाता मी तिथे थांबायला लागले होते. कुणाचं नाक पूस, कुणाला डबा उघडून दे. मुलांसमोर मला बोलता यायचं. मुलगी मोठ्या शाळेत गेली तरी मी जातच राहिले. एक दिवस तिथल्या बहनजी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, म्हणाल्या, "सहायिका की जगह खाली हो रही है. आप आठवीं पास कर लीजिए, मैं आपका ही नाम भेजूँगी. बिना आठवीं के मेरे हाथ बँधे हैं."

मोठ्या बायकांसाठी बाहेरून आठवी द्यायची सोय होती. परीक्षा वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या शेवटी, आलमबागच्या एका शाळेत. बहनजी स्वतःच आम्हा चार-पाच बायकांना बालवाडी सुटल्यावर तासभर शिकवायच्या. मी घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "अगं, मग बसच. पुढच्या वर्षी आपण इथं असू का नसू, कुणी सांगावं." ते खरंच होतं. यांची बदली कधीही आली असती. म्हणजे मला संधी एकच होती, आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अभ्यासाला वेळ मिळायचा तो जेवणानंतर मुलगी शाळेतून येईपर्यंत. आणि नेमकी तेव्हाच मला झोप यायची. पुस्तकावर मान पडायची. हिंदी वाचायला जड, गणित त्याहून जड. एकदा सिस्टरनी मला भिंतीला टेकून झोपलेलं पाहिलं आणि त्या कप घेऊनच आल्या. "पढ़ना है तो ये पियो."

त्या पहिल्या दिवसाची गोष्ट वेगळीच होती. कप संपवून थोडा वेळ झाला आणि डोक्यातलं आभाळ कुणीतरी पुसून काढल्यासारखं झालं. अपूर्णांक, ज्यांना मी घाबरायचे, ते माझ्यासमोर नीट येऊन उभे राहिले. त्या दुपारी मी पूर्ण धडा संपवला. संध्याकाळी पोळ्या लाटताना मनातल्या मनात भागाकार करत होते.

मग रोज दुपारी एक कप ठरला. श्रावणात गावी जाऊन आलो, गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीपर्यंत एका कपाचे दोन कप झाले होते, कारण एकाने काही होईनासं झालं. थंडी पडली तसा सकाळचाही एक वाढला. तरी दुपारी पुस्तक उघडलं की पुन्हा तेच. मान पडायची. मी चमचा शिगोशीग भरायला लागले. कॉफी कडू झाली, पण डोकं काही उघडेना. उलट एखाद्या दिवशी कामात कप राहून गेला, तर संध्याकाळी कपाळ ठणकायचं आणि मुलीवर उगाच ओरडायचे.

मला वाटलं, कॅन्टीनचा माल बदलला. यांना म्हटलं तर म्हणाले, "माल तोच आहे. तूच म्हातारी झालीस." मग मला खरंच वाटू लागलं की माझं डोकंच मुळात मंद आहे, सुरुवातीचे चार दिवस ते चुकून चाललं.

शेवटी सिस्टरांनीच विचारलं. त्यांनी माझा कप पाहिला, जवळजवळ काळा झालेला. "ये क्या है? दवा है क्या?"

मी सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कॉफी खराब नहीं हुई. तुम्हारा शरीर सीख गया."

मग त्यांनी मला त्यांच्या वॉर्डाचं उदाहरण देऊन समजावलं. ते मी इथे मराठीत लिहिते. आपण जागे असतो तेव्हा दिवसभर अंगात एक पदार्थ साठत जातो आणि तो झोप आणतो. त्याला मेंदूत बसायला जागा असतात, वॉर्डात खाटा असतात तशा. तो जितक्या खाटा धरेल तितकी झोप जास्त. कॉफी काय करते, तर त्याच्या आधी जाऊन त्या खाटांवर पडते. ती झोप घालवत नाही, फक्त झोपेला जागा देत नाही. पण रोजच कॉफी येऊन खाटा अडवू लागली तर शरीर गप्प बसत नाही. ते जादा खाटा टाकतं. मग तेवढीच कॉफी पुरत नाही, उरलेल्या खाटांवर झोप येऊन पडतेच. आणि एखाद्या दिवशी कॉफी आलीच नाही, तर सगळ्या खाटा एकदम झोपेला मोकळ्या. म्हणून डोकं दुखतं, अंग जड होतं.

"अभी तुम जो पी रही हो," सिस्टर म्हणाल्या, "उससे तुम सिर्फ़ वहाँ पहुँचती हो जहाँ बिना पिए लोग सुबह से बैठे हैं."

"मग काय करू?" मी मराठीतच विचारलं. घाबरले की माझी हिंदी पळायची.

"बंद करो. हफ़्ता, दस दिन. शरीर ज़्यादा वाले बेड ख़ुद उठा लेगा. पहले दो-तीन दिन सिर फटेगा, नींद आएगी, ग़ुस्सा आएगा. फिर ठीक. उसके बाद एक कप पियो, देखना, पहले दिन जैसा लगेगा."

"चहा?"

"चाय में भी वही चीज़ है, थोड़ी कम. चाय भी बंद. और सुनो, ये परीक्षा से बहुत पहले करना. पास आकर मत करना. पास आ गई तो फिर पीती रहो, कम से कम सिर तो नहीं दुखेगा."

हे त्यांनी मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं. जानेवारीची सुरुवात होती आणि हाताशी भरपूर वेळ होता.

मी संक्रांतीच्या आदल्या दिवशी कॉफी सोडली. त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई गावाहून आल्या, तिळगुळाचा डबा घेऊन. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. बाई करारी, पण माझ्याशी कधी वाकड्यात गेल्या नाहीत. त्यांना लखनौची थंडी सोसायची नाही, सारखी चहाची तहान. त्यांच्यासाठी आधण ठेवायचं आणि आपण बाजूला बसायचं, हे मी निभावलं. डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी जरा उतरलं. मला वाटलं, जमलं.

पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतात, हे माझ्या हिशेबातच आलं नव्हतं. छावणीत आणि बाहेर आलमबागेपर्यंत आमची मराठी घरं होती, कुणी सैन्यातली, कुणी बँकेतली. एवढ्या लांब राहून ही एकच गोष्ट बायका मनापासून करायच्या. वाण लुटायचं, उखाणे घ्यायचे आणि थंडी म्हणून सगळीकडे कॉफी. आत्याबाईंना हौस, त्या एकही घर चुकवू द्यायच्या नाहीत.

पहिल्याच घरी, एका बँकेतल्या साहेबांच्या, ट्रे माझ्यासमोर आला. मी हात जोडले.

"हे काय, कॉफी नको? आमच्याकडची नको का?"

"नाही, तसं नाही. मी सध्या..."

"सध्या काय? गोड बातमी आहे की काय!" सगळ्या हसल्या. एक जण म्हणाली, "अहो, तिला आग्रह केल्याशिवाय ती घेत नाही. लाजरी आहे. धरा कप हातात!"

कप हातात आला. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. मी परीक्षेला बसलेय, हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. नापास झाले तर काय, ही एक भीती. आणि झोप, खाटा, शरीर, हे सगळं त्या बायकांसमोर मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? प्यायले. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिथेही प्यायले. मधे दोन दिवस कोरडे जायचे, डोकं ठणकायला लागायचं, की पुन्हा एखादं घर. सोडल्याचा त्रास पुरता व्हायचा आणि सोडल्याचा उपयोग होण्याआधीच कुणीतरी कप हातात द्यायचं. ते पंधरा-वीस दिवस माझे असेच गेले, ना धड कॉफीचे, ना बिनकॉफीचे. अभ्यासही तसाच झाला.

रथसप्तमी झाली तेव्हा परीक्षा तोंडाशी आली होती. सिस्टर रजा घेऊन केरळला गेल्या होत्या, भाचीच्या लग्नाला. विचारायला कुणी नव्हतं. मी पुन्हा रोजची कॉफी चालू केली होती, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. सोडली की पहिल्या दिवसासारखं होतं. पहिल्या दिवसासारखं. त्या दुपारचे अपूर्णांक मला आठवायचे. बाकीचं, ते "पास आकर मत करना", ते मी ऐकलं होतं, पण माझ्या मनाने ते बाजूला ठेवलं. मला वाटलं, दहा दिवस नाही तर दोन दिवस तरी. काही नसण्यापेक्षा थोडं बरं.

आणि या वेळी ते कुणी मोडू नये म्हणून मी एक केलं. परीक्षा बुधवारी होती, सगळे पेपर एकाच दिवशी. सोमवारी सकाळी देवापुढे बसले आणि कुलदेवीला बोलले, पेपर होईपर्यंत कॉफी नाही, चहा नाही, मला पास कर. उठून आत्याबाईंना म्हटलं, "मी नेम धरलाय. बुधवारपर्यंत चहा-कॉफी सोडलीय."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. तेवढंच. त्या दिवशी शेजारची बाई आली, तिने चहाचं विचारलं तर आत्याबाईंनीच परस्पर सांगितलं, "तिचा नेम आहे." ती बाई "अच्छा अच्छा" म्हणून हात जोडून दुसऱ्या विषयावर गेली.

मी थक्क झाले. इतकं सोपं होतं? जानेवारीत हाच एक शब्द मी ट्रे पुढे आल्यावर उच्चारला असता तर प्रत्येक घरात असेच हात जुळले असते. माझ्यासाठी म्हणून मला नाही म्हणता येत नव्हतं. देवासाठी आलं असतं. मला ते सुचलं तेव्हा फार उशीर झालेला होता, आणि उशीर झालाय हेही मला त्या सोमवारी कळलं नव्हतं. मी खूश होते.

मंगळवारी दुपारपासून डोकं धरलं. मानेपासून चढत कपाळापर्यंत. पुस्तक समोर, डोळे मिटलेले. बुधवारी सकाळी उठले तर जमीन हलल्यासारखी. मळमळत होतं आणि जांभया थांबत नव्हत्या. यांनी माझं तोंड पाहिलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आयुष्यात पहिल्यांदा यांनी कॉफी फेटली असेल. धड फेस आला नव्हता, गुठळ्या होत्या.

"हे पी. सिस्टर म्हणाल्या होत्या ना, न प्यायल्यानं डोकं दुखतं? मग पी आणि जा."

"नेम आहे."

"अगं, देवी काय कॉफी मोजत बसलीय?"

"बोललेय मी तिला."

"मम्मी, पी लो ना," मुलगी दप्तर अडकवत म्हणाली. "कितनी ज़िद्दी हो."

मला वाटलं, आत्याबाई माझी बाजू घेतील. त्या उठून आल्या, यांच्या हातातला कप घेतला आणि माझ्यासमोर धरला. "पी. देवीचं मी बघते. माझ्या नावावर घाल तुझा नेम."

आता लिहिताना वाटतं, एवढं प्रेमाचं बोलणं माझ्याशी त्या बाईने त्याआधी किंवा नंतर कधी केलं नाही. आणि प्यायले असते तर अर्ध्या-पाऊण तासात डोकं उतरलं असतं, नेमकं पेपर सुरू होईपर्यंत. पण जन्मभर कुणालाच नाही न म्हणू शकलेली मी, त्या सकाळी आत्याबाईंना नाही म्हणाले. कप तसाच ओट्यावर राहिला.

यांनी सायकलवरून मला आलमबागला सोडलं. बसस्टँडच्या बाजूचा तो गोंगाट, भोंगे, प्रत्येक आवाज डोक्यात शिरत होता. पहिला पेपर गणिताचा. प्रश्न वाचायचे आणि शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ विसरायचे. शेताचं क्षेत्रफळ काढायचं गणित होतं, तसलं मी घरी कितीदा सोडवलं होतं. लांबी गुणिले रुंदी, एवढंच. मी लांबी लिहिली आणि पेन हातात धरून बसले. कधीतरी डोळा लागला असावा, कारण पहारा करणाऱ्या बाईंनी बाकावर टकटक केली. "माताजी, घर जाकर सो लीजिएगा." मागच्या बाकावरची बाई खुदकन हसली. मी तेव्हा तिशीचीही नव्हते.

निकाल लागला तेव्हा बाकीच्या, पाठांतराच्या विषयांत मी कशीबशी पास होते. गणितात गेले. एका विषयात गेलं की सगळंच गेलं. बालवाडीची जागा आमच्याच वर्गातल्या, कानपूरकडच्या एका बाईला मिळाली. चांगली बाई होती. मुलांना तिचा लळा लागला.

पेपर झाल्यावर नेम संपला होता, पण मला कॉफीकडे बघवेना. महिनाभर तरी मी तोंडाला लावली नाही. चहासुद्धा नाही. आत्याबाई गावी गेल्या. सिस्टर केरळहून आल्या होत्या, पण मी तोंड चुकवत होते. मग निकालानंतर एका दुपारी त्यांनी हाक मारून आत घेतलं. काय झालं ते विचारलं नाही, त्यांना सगळं कळलं होतं. त्या कप घेऊन फेटायला बसल्या. नेहमीसारखी, एकच चमचा.

मी प्यायले आणि घरी आले. थोडा वेळ गेला. आणि मग झालं. अगदी त्यांनी सांगितलं होतं तसं. डोक्यातलं सगळं स्वच्छ, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. मी घाबरले. घरात काहीच नव्हतं करायला. पोळ्या झाल्या होत्या, कपडे वाळत होते. मी पत्र्याच्या पेटीतून गणिताची प्रश्नपत्रिका काढली आणि जमिनीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी सोडवली. मुलगी यायच्या आत.

दुसऱ्या दिवशी ते कागद मी बहनजींकडे नेले. का नेले कुणास ठाऊक. त्यांनी लाल पेन्सिलीने तपासले. एक चूक होती, तीही हातचा विसरल्याची. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ये तो पास से बहुत ऊपर है. फिर उस दिन हुआ क्या था?"

मला सांगायचं होतं. खाटांचं, हळदीकुंकवाचं, ट्रेचं, नेमाचं, ओट्यावर राहिलेल्या त्या कपाचं. पण हे कुठून सुरू करतात?

"सिर दर्द था," मी म्हणाले.

"अरे, सिर दर्द तो सबको होता है परीक्षा में," त्या म्हणाल्या आणि कागद मला परत दिले. "अगले साल फिर बैठिएगा."

पुढच्या वर्षी आम्ही तिथे नव्हतो. यांची बदली सीमेवर झाली, तिथे कुटुंब नेता येत नव्हतं, आणि मी मुलीला घेऊन गावी आले. गावात अशा परीक्षेची सोय नव्हती, असती तरी तिथल्या बायकांसमोर मी चौकशी केली असती का, सांगता येत नाही. मुलगी शिकली. मी चौथीच राहिले.

कॉफी अजून पिते, दिवसाला एकच. तिचं काम होईनासं झालं की आठ-दहा दिवस बंद करते, डोकं दुखू देते, आणि पुन्हा सुरू करते. दर वेळी पहिल्या कपानंतर तासभर मला सगळं नीट दिसतं. तेवढ्या वेळात मी काही ना काही लिहून ठेवते. हेही असंच लिहिलंय. कुणाला दाखवायचं नाही. पण बहनजींना त्या दिवशी एवढं जरी तोंडाने सांगितलं असतं, तरी त्यांनी माझी डोकेदुखी निमित्त म्हणून सोडून दिली नसती, असं अजून वाटतं.